बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत का नाही? मीठ, टोमॅटो की पाणी?

प्रश्न: नवीन घरी राहायला आल्यापासून तूरडाळ शिजतच नाही. डाळ त्याच दुकानातली, कुकरही तोच. आठ-आठ शिट्ट्या केल्या तरी दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. इथे बोअरचं पाणी आहे. सासूबाई म्हणतात, मी मीठ आणि टोमॅटो आधीच घालते म्हणून असं होतं. नक्की चुकतंय काय?

उत्तर:

डाळ तीच, कुकर तोच आणि बदललं फक्त पाणी, तेव्हा पहिला संशय पाण्यावर घ्या. सासूबाईंचं टोमॅटोबद्दलचं म्हणणं खरं आहे, मिठाबद्दलचं नाही. पण टोमॅटो तुम्ही जुन्या घरीही घालत असणार आणि तिथे डाळ शिजत होती. म्हणजे मूळ दोष बोअरच्या पाण्याचा आणि टोमॅटो त्यात भर घालतोय.

हे का होतं ते आधी सांगतो, म्हणजे उपाय लक्षात राहतील. डाळीचा दाणा सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो आणि त्या पेशींना एकमेकींशी पेक्टिन नावाचा पदार्थ धरून ठेवतो, विटांमधल्या चुन्या-सिमेंटसारखा. डाळ शिजताना दोन गोष्टी घडतात. पेशींच्या आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि बाहेरचं पेक्टिन उष्णतेने तुटून पाण्यात विरघळतं. दुसरी गोष्ट घडली तरच पेशी सुट्या होतात आणि रवीने घोटल्यावर डाळ एकजीव होते. जड पाण्यात, म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत अशा पाण्यात, हे कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं आणि पेक्टिन विरघळेनासं होतं. म्हणूनच तुमची डाळ खाऊन पाहिली तर ती कच्ची लागणार नाही. आतला स्टार्च शिजलेला असतो, फक्त दाणा फुटत नाही आणि वर पातळ पाणी वेगळं राहतं.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आहे आणि या खडकातून झिरपून येणारं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची, म्हणजेच पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्यासाठी मानकात बसत असूनही डाळीला त्रास देऊ शकतं. ६०० चं पाणी धरू आणि त्यातला सगळा कठीणपणा कॅल्शियमचा आहे असं मानू. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात मोजतात, तेव्हा एका लिटरमध्ये सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आलं. एक वाटी (२०० ग्रॅम) डाळीला तुम्ही पाऊण लिटरच्या आसपास पाणी घालता, तेव्हा त्यातून जवळजवळ १८० मिलिग्रॅम कॅल्शियम डाळीच्या भांड्यात गेलं. भिजवणीचं पाणी वेगळंच.

खात्री करायला एक सोपी चाचणी पुरेशी आहे. दोन लहान वाट्यांत अर्धी अर्धी मूठ डाळ घ्या, दोन्हींत सारखंच पाणी घाला, एकीत बोअरचं आणि दुसरीत बाटलीचं किंवा आरओचं. मीठ, हळद, टोमॅटो काहीही नको. दोन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये एकाच वेळी ठेवा. आरओच्या पाण्यातली डाळ चमच्याने सहज दबली आणि बोअरची दबली नाही, तर प्रश्न सुटला. दोन्हीही कडक राहिल्या तर डाळच जुनी आहे, त्याबद्दल खाली लिहितो. बाजारात मिळणाऱ्या टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यातलं कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती हे त्याला कळत नाही. साबणाला फेस न येणं, नळाच्या तोटीवर आणि कुकरच्या तळाशी पांढरा थर धरणं, या खुणा त्याहून कामाच्या आहेत.

आता उपाय. सगळ्यात चांगला म्हणजे डाळीपुरतं मऊ पाणी वापरणं. डाळ नळाच्या पाण्याने भरभर धुऊन घ्या, पण भिजवायला आणि शिजवायला आरओचं किंवा पावसाचं गाळून घेतलेलं पाणी घ्या. भिजवणीच्या पाण्याकडे अनेकजण दुर्लक्ष करतात आणि तिथेच चूक होते. कोरडी डाळ पहिलं पाणी अगदी आतपर्यंत शोषून घेते, तेव्हा ते पाणीच जड असेल तर शिजवताना मऊ पाणी घालून निम्माच फायदा होतो. तूरडाळीला अर्धा ते एक तास भिजवणं पुरतं.

मऊ पाणी नसेल तर बोअरचं पाणी उकळून पाहा. दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळा, थंड होऊ द्या, पांढरा गाळ तळाशी बसला की वरचं पाणी न ढवळता ओतून घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा असा बराच कमी होतो, कारण कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतं. कॅल्शियम सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असेल तर कितीही उकळा, ते पाण्यातच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, कठीणपणा जात नाही. यूव्हीचा फिल्टरही जंतू मारतो, क्षार काढत नाही.

तिसरा उपाय खाण्याचा सोडा. तो दोन बाजूंनी काम करतो: कॅल्शियमला चुनखडी करून बाजूला काढतो आणि पाणी किंचित अल्कधर्मी करतो. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन फार लवकर तुटतं. एक वाटी डाळीला पाव चहाचमच्याचा निम्मा, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एवढाच घाला. त्याहून वाढवलात तर डाळीला साबणासारखी चव येते, रंग मळकट होतो आणि बी-१ जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. सोडा घालताना भांडं स्टीलचं असू द्या, अ‍ॅल्युमिनियम सोड्याने काळं पडतं. फेस येतो म्हणून भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. मऊ पाणी मिळत असेल तर सोड्याची गरजच नाही, आणि मी रोजच्या डाळीला तो सुचवणार नाही.

टोमॅटोकडे येऊ. पेक्टिन आम्लात, साधारण ४ पीएचच्या आसपास, सगळ्यात टिकाऊ असतं आणि टोमॅटोचा पीएच ४.३ च्या जवळपास असतो. चिंच, कैरी, लिंबू त्याहून आंबट. ताजी डाळ आणि मऊ पाणी असेल तर कुकरमध्ये एक टोमॅटो घालून फारसं बिघडत नाही, कारण कुकरमधलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं आणि तेवढी उष्णता आम्लाला पुरून उरते. जड पाण्याने आधीच अडलेल्या डाळीत मात्र तोच टोमॅटो पारडं फिरवतो. तेव्हा टोमॅटो फोडणीत परतून घ्या आणि शिजलेली, घोटलेली डाळ त्यावर ओता. चिंच-गुळाच्या आमटीत आपण चिंचेचा कोळ आणि गूळ डाळ शिजल्यावरच घालतो, ते याच कारणाने योग्य आहे. गुळात स्वतःचं कॅल्शियमही असतं, त्यामुळे तोही नंतरच. आमसूल घालायचं असेल तर तेही उकळी आल्यावर.

मीठ हा आरोपी नाही. मिठातलं सोडियम पेक्टिनला धरून बसलेल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणजे बांधलेल्या साखळ्या सैल करतं. साल असलेल्या कडधान्यांना तर याचा स्पष्ट फायदा होतो. राजमा, काबुली चणे, वाल यांना एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा (सुमारे १५ ग्रॅम) मीठ घालून रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी टाकून, धुऊन, साध्या मऊ पाण्यात शिजवा. साल मऊ होते आणि दाणे फुटून गर बाहेर येत नाही. मोड आणायचे असतील तेव्हा मात्र मीठ घालू नका, त्याने मोड खुंटतात. सालीशिवायच्या तूरडाळीला मीठ आधी घाला की नंतर, कुकरमध्ये फरक जाणवण्याइतका पडत नाही. मीठ नंतर घालण्यात चव नेमकी लावता येते, एवढाच फायदा.

आता जुन्या डाळीची गोष्ट. डाळ आणि कडधान्यं उन्हाळा-पावसाळा दमट, गरम जागी काढतात तेव्हा दाण्याच्या आत फायटिक आम्ल हळूहळू फुटतं. ताज्या दाण्यात हे आम्ल कॅल्शियम-मॅग्नेशियमला स्वतःजवळ धरून ठेवतं. ते फुटलं की मोकळं झालेलं कॅल्शियम पेक्टिनला जाऊन चिकटतं. म्हणजे कठीण पाण्याने बाहेरून जे होतं, तेच इथे आतून होतं, आणि मऊ पाणी घालूनही ते पूर्ण निघत नाही. अशा डाळीला लांब भिजवण आणि चिमूटभर सोडा हाच मार्ग. आणि भांड्यातल्या बहुतेक दाण्यांचा मऊ गोळा होऊन मधेच पाच-दहा दाणे टणक लागले, तर डाळीत जुनी-नवी भेसळ झालेली असते. अख्ख्या मुगा-मटकीत असे खडे राहिले तर ते गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही, रात्रभर भिजवूनही ते फुगत नाहीत. त्यांना शिजवायच्या भानगडीत पडू नका, भिजवल्यावर न फुगलेले दाणे वेचून टाका.

आज भांड्यात कडक डाळ पडलेलीच असेल तर आणखी शिट्ट्या करून गॅस जाळू नका. वरचं पाणी गाळून बाजूला ठेवा, कारण कॅल्शियम आणि टोमॅटोचं आम्ल त्यातच आहे. टोमॅटोच्या फोडीही काढून घ्या. दाण्यांवर दोन वाट्या गरम आरओचं पाणी आणि वर सांगितलेल्या प्रमाणात सोडा घाला. सोडा घातल्यावर फसफसलं तर आम्ल उरलेलं होतं असं समजा, फेस बसू द्या आणि मग झाकण लावा. एक शिट्टी झाली की आच मंद करून दहा मिनिटं ठेवा, वाफ आपोआप जिरू द्या आणि मग घोटा. गाळून ठेवलेल्या पाण्यात आंबटपणा आहे, ते फोडणी दिल्यावर आमटी पातळ करायला वापरता येईल.