जपानी सहकाऱ्याला शोकसंदेश

टोकियोतल्या सहकाऱ्याचे वडील वारले. मेलमध्ये जपानीत काय लिहू?

माझ्या टीममध्ये हाच प्रसंग आला तेव्हा मी लिहिलं होतं: 'गोसोम्पु-सामा नो गोसेइक्यो नो हो नि सेश्शी, कोकोरो योरी ओकुयामी मोशिआगेमासु.' म्हणजे, आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, मनापासून शोक व्यक्त करतो. 'गोसोम्पु-सामा' हे समोरच्याच्या वडिलांसाठी आदराचं; आईसाठी 'गोबोदो-सामा'. शेवटी 'गोहेन्शिन नि वा ओयोबिमासेन', उत्तराची गरज नाही.

पहिल्या मसुद्यात मी 'मेइफुकु' (परलोकीचं सुख) टाकलं होतं. घर ख्रिश्चन निघालं आणि हा शब्द बौद्ध वळणाचा, म्हणून काढलं. 'कासानेगासाने', म्हणजे 'पुन्हा पुन्हा', हा शब्दही टाळा. दुःख पुन्हा ओढवेल असं सूचित होतं. 'गोशूशो-सामा' हे सांत्वनाचे शब्द मात्र भेटीतच, हळू आवाजात. मेलमध्ये ते खटकतं.