अंधाराला काम दे

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

तुझी सात ओळींची गोष्ट आणि तिच्याखाली लिहिलेला दीड पानांचा गोंधळ, दोन्ही वाचलं. गोंधळ गोष्टीपेक्षा बरा लिहिलायस. एक जण म्हणतो शेवटी धक्का हवा, दुसरीला संदेश हवा, तिसऱ्याच्या मते हा नुसता प्रसंग आहे, गोष्टच नाही. आणि तू मला विचारतोस, कुणाचं ऐकू? कुणाचंच नको. आधी तुझ्या सात ओळी माझ्यासमोर ठेवून आपण दोघं बघू.

"लाईट गेली. टपरीवर दोघंच होते. एकमेकांना अनोळखी. चहा एकच उरला होता. त्यांनी तो अर्धा अर्धा घेतला. लाईट आली तेव्हा बाकडं रिकामं होतं. काही नाती अंधारातच उजळतात."

शेवटची ओळ तू स्वतःच खोडशील, तिच्यावर मी शाई घालवत नाही. माझं भांडण पहिल्या ओळीशी आहे. ती झाकून उरलेल्या ओळी वाच. दोघं अनोळखी, एकच चहा, अर्धा अर्धा. सगळं जागच्या जागी आहे की! म्हणजे लाईट गेली काय आणि राहिली काय, तुझ्या माणसांना काही फरक पडला नाही. अंधार तिथं फक्त वातावरण म्हणून बसलाय. सात ओळींच्या घरात बसून खाणारा पाहुणा परवडत नाही. अंधाराला काम दे. कामच नसेल तर त्याला बाहेर काढ आणि भर दुपारी चहा पाज.

आता काम द्यायचं म्हणजे काय? आधी ठरव की हा अंधार कुठला. तुझ्या पिढीला सगळे अंधार सारखे वाटतात. भारनियमनाच्या वर्षांत अंधाराला वेळापत्रक होतं. लाईट कधी जाणार आणि कधी येणार हे चहावाल्याला पाठ असायचं. त्या अंधारात कुणी कुणाची वाट बघत नसे, माणसं घड्याळ बघत. वळवाचा अंधार निराळा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, वारं सुटतं, आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीत कुठंतरी फांदी तारेवर पडते आणि गल्लीच्या गल्ली गप्प होते. तो अंधार भिजलेला असतो, आडोशाला आलेली माणसं आपसूक जवळ उभी राहतात. आणि २०१९ च्या ऑगस्टमधला महापुराचा अंधार तर त्याहून वेगळा. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. महामार्ग बंद, गावात दूध येईना. त्या अंधारात अर्धा कप चहा कुणी कुणाला दिला, तर तिथं देणाऱ्याच्या घरातलं दूध कमी झालं. तुझा चहावाला यातल्या कुठल्या अंधारात उभा आहे? तुला माहीत नाही. तुला माहीत नसेल तर वाचकाला कुठून कळणार?

मग डोळे. उजेडातून एकदम काळोखात आलं, तर नजर पुरती बसायला वीस ते तीस मिनिटं लागतात. हाफ चहा संपायला तीन-चार मिनिटं. म्हणजे लाईट नुकतीच गेली असेल, तर चहा संपेपर्यंत ही दोघं एकमेकांचा चेहरा धड बघूच शकत नाहीत. त्यातून गॅस चालूच असतो, त्याला विजेची गरज नाही. त्या निळ्या जाळात पातेल्याचं बूड आणि चहावाल्याचे हात दिसतात, आणि जाळाकडे बघितलं की सभोवार आणखी काळं होतं. हे तुझ्या कामाचं आहे. चेहरा नाही, हात आहेत. मग हातांवर लिही.

आणि एक गोष्ट तू सोयीस्कर विसरलास. आज प्रत्येकाच्या खिशात बॅटरी आहे. लाईट गेली की पहिल्या दहा सेकंदांत चार मोबाईल पेटतात. जुन्या गोष्टींतला गडद अंधार तुला फुकट मिळणार नाही. कुणाचा मोबाईल बंद पडलाय असं सांगून सुटू नकोस, ती पळवाट झाली. उलट, आजच्या गोष्टीत अंधार हा कुणीतरी निवडलेला असू शकतो. बॅटरी हातात असून ती विझवणारा माणूस मला बघायला आवडेल.

तुझा चहा "एकच उरला होता". का? दूध संपलं? मग चहावाला पातेलं धुवायला घेईल, गिऱ्हाइकाला बसू देणार नाही. कारण असं शोध की जे लाईट गेल्यामुळेच घडलं. मी सांगतो एक. पैसे स्कॅन होईनात. मात्र जपून, लाईट गेल्या गेल्या रेंज जात नाही, टॉवरला बॅटऱ्या असतात. तासन् तास लाईट नसली तर त्या दमतात. म्हणून तुझी लाईट संध्याकाळपासून गेलेली पाहिजे. तेव्हा मोबाईलवर चाक फिरत राहतं, पैसे आल्याचं ओरडणारा डबा मुका होतो आणि खिशात रोकड नसलेला माणूस ओशाळतो. एकाकडे दहाची नोट, दुसऱ्याकडे काही नाही. आता एकाचे दोन करायला कारण मिळालं, आणि ते अंधारानं दिलं.

मी कसं केलं असतं ते खाली लिहितो. ही माझी आहे, चोरायची नाही.

"संध्याकाळपासून लाईट नव्हती. सीपीआर दवाखान्याजवळच्या बोळातल्या गाड्यावर म्हाताऱ्यानं तीनदा स्कॅन केलं, चाक फिरतच राहिलं. शेजारच्या पोरानं नोट काढली. 'एकाचे दोन करा.' नोट हातातून पडली म्हणून त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. उजेड म्हाताऱ्याच्या मांडीवर गेला. रुमालावर हिरव्या बांगड्या होत्या, एक त्याच्या बोटात. पोरानं बॅटरी बंद केली आणि चाचपडत नोट शोधली. 'साखर जास्त झालीया का, पावणं?' चहावाल्यानं विचारलं. 'असूदे,' म्हातारा म्हणाला."

आता पहिली ओळ झाक. स्कॅन अडणार नाही, चहा वाटला जाणार नाही, बॅटरी लागणार नाही, म्हणून विझणारही नाही. सगळं कोसळतं. अंधार कामाला लागला की हे असं होतं. सीपीआरच्या दारात गाडा लावला असता, तर जनरेटरवरचा दवाखान्याचा उजेड रस्त्यावर आला असता. म्हणून तो बोळात सरकवला. अशा एका सरकवण्यात माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि तिचा मला पश्चात्ताप नाही.

बांगड्यांचं काय झालं, असं तू विचारणारच. ऑपरेशनला नेताना बांगड्या उतरवून नातेवाइकाच्या हातात देतात. आणखीही एका वेळी त्या माणसाच्या हातात येतात. यातलं कुठलं, ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. पोरालाही ते कळलेलं नाही. त्याला एवढंच कळलं की हे आपण बघायचं नव्हतं. तुझ्या त्या धक्का मागणाऱ्या मित्राला हे पुरणार नाही. त्याला म्हातारा पोराचा हरवलेला बाप निघायला हवा. निघू दे त्याच्या गोष्टीत.

एका दिवाळी अंकानं माझ्या अशाच आठ ओळींना एक "स्पष्ट शेवट" मागितला होता. मी दिला नाही. त्यांनी छापली नाही. त्या वर्षी ज्यांनी शेवट दिले, त्यांचे पुढं संग्रह निघाले, सत्कार झाले, केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मंचावर ते शाली पांघरून बसले, आणि मी खालून टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अजूनही दिवाळी जवळ आली की वाटतं. पण त्या आठ ओळी काढून बघतो आणि अजूनही तिथं नववी बसत नाही. बायको म्हणते हा हट्ट आहे. असेल. हट्टानं निदान एक गोष्ट धड राहिली.

संदेश मागणारीचं म्हणणं मात्र मी इतकं सहज टाकणार नाही. तिला बहुधा जे म्हणायचं होतं ते ती नीट बोलली नसेल. तुझी गोष्ट कोल्हापुरात घडते. याच गावात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. दलित माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. शाहू महाराजांनी त्यांना पैसे दिले, आणि स्वतः भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्याकडचा चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. ते अंधारात झालं नाही. चारचौघांनी बघावं म्हणूनच झालं. हे ठाऊक असलेला वाचक तुझी ओळ वाचतो, "लाईट आली तेव्हा बाकडं रिकामं होतं", आणि त्याच्या मनात येतं, ही दोघं उजेडात एका कपातला चहा प्यायली नसती की काय? उजेड आल्यावर पळाली का? तू हे लिहिलं नाहीस, पण तुझ्या अंधारानं तुझ्या नकळत ते सांगून टाकलं. रिकाम्या अंधाराचं हेच भय असतं. तू काम दिलं नाहीस तर तो आपलं आपण शोधतो. तुला खरंच तेच लिहायचं असेल तर धीर करून लिही. मग बशी कोणी उचलली, कप कोणी विसळला, लाईट आल्यावर कुणाची नजर आधी कुठं गेली, तेवढंच लिही. ती माझ्या गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट होईल. नसेल लिहायचं तर ती बाकड्याची ओळ काढ.

तू लिहिलंयस की शंभर शब्दांच्या आत बसवायचं म्हणून तपशील कापले. कापायला अनोळखी, नाती, उजळणं हे शब्द होते की. तू कप कापलास, पैसे कापलेस, चहावाला तर पुरताच कापलास. टपरीवर दोघंच होते म्हणतोस, मग चहा कोणी केला?

आता एक कर. वळीव सुरू होतोय. लाईट गेली की घरात बसून मोबाईल चाळू नकोस, खाली उतर, कोपऱ्यावरच्या गाड्यावर जा, हाफ घे. जाळाचा उजेड किती हातांपर्यंत पोचतो ते बघ. चहावाला सुट्टे कसे ओळखतो, बोटांनी की जाळापाशी धरून, ते बघ. पहिला मोबाईल कोण पेटवतो आणि तो कुणाच्या तोंडावर धरतो, तेही बघ. लिहायचं दुसऱ्या दिवशी. पाठवताना पहिली ओळ झाकून एकदा वाचलीस, असं वर लिहून पाठव. नाहीतर मी पाकीट उघडणार नाही.

तुझा,
काका