नफ्यातला फरक जुळत नसेल तर आधी सुरुवातीच्या साठ्याचा दर बघा

अब्सॉर्प्शन आणि व्हेरिएबल कॉस्टिंगचा नफा जुळवताना बहुतेक जण साठ्यातली वाढ घेतात आणि तिला नगामागच्या स्थिर उत्पादन खर्चाच्या यंदाच्या दराने गुणतात. दर बदललेला असला की इथेच चूक होते.

समजा, सुरुवातीला 1,000 नग होते आणि त्यांत गेल्या वर्षीचा स्थिर उत्पादन खर्च नगामागे 18 रुपये होता. यंदा 2,00,000 रुपये स्थिर उत्पादन खर्चात 10,000 नग बनवले, म्हणजे दर 20 रुपये. 9,500 विकले, 1,500 उरले. फिफो पद्धतीत उरलेले सगळे यंदाचेच, म्हणून त्यांत 30,000 रुपये अडकले. सुरुवातीच्या साठ्यातून 18,000 सुटले. फरक 12,000, अब्सॉर्प्शनचा नफा तेवढाच जास्त.

500 नगांना 20 ने गुणलंत तर 10,000 येतात. उरलेले 2,000 म्हणजे जुन्या 1,000 नगांवरचा दोन रुपयांचा दरफरक. म्हणून दोन्ही साठे आपापल्या दराने वेगवेगळे मांडा, मगच वजाबाकी करा.

पडताळा सोपा आहे: अब्सॉर्प्शनमध्ये नफ्यातून गेलेला स्थिर उत्पादन खर्च 18,000 + 2,00,000 − 30,000 = 1,88,000, व्हेरिएबलमध्ये पूर्ण 2,00,000. विक्री आणि प्रशासनाचा स्थिर खर्च यात धरू नका. तो दोन्हीकडे त्याच वर्षी पूर्ण वजा होतो.