दुभाषी मुलगी, वडिलांचं निदान आणि ‘आप्झीडलुंगेन’

प्रश्न: बडोद्याचे वडील आणि जर्मनीत दुभाष्याचं काम करणारी त्यांची मुलगी, अशी लघुकथा लिहितेय. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर ‘क्रेब्स’ म्हणजे कॅन्सर म्हणतात, ती अडखळते आणि वडिलांना ‘साधी गाठ आहे’ असं सांगते. वाचून दाखवली तर सगळे म्हणाले, प्रसंग पटत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: मी जर्मनीतल्या इस्पितळांत दुभाष्याचं काम केलं आहे, आता रावपुऱ्यात राहते. तुमच्या कथेतला बाप मला ओळखीचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

चूक शब्दाच्या निवडीत आहे. वडिलांची कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासायला गेला, त्याआधी मुलीनेच त्यांना संमतीपत्र समजावून दिलं. एवढं झाल्यावर कॅन्सरचा संशय त्यांच्यापासून लपलेला नसतो. शिवाय ‘साधी गाठ’ म्हटल्यावर पुढची केमोथेरपी कशासाठी, हे ती कसं सांगणार? ते खोटं दुसऱ्या वाक्यालाच उघडं पडतं. म्हणून कॅन्सर आहे हे वडिलांना आधीच कळलेलं ठेवा आणि अडखळणं पुढच्या भेटीत न्या, सीटी स्कॅनचा निकाल सांगतात त्या दिवशी.

तिथे एक गोष्ट तुमच्या कामी येईल. जर्मन डॉक्टरांकडे बहुतेक आजारांना दोन शब्द असतात, एक लॅटिन-ग्रीक वळणाचा आणि एक घरगुती जर्मन. बायोप्सीला ‘गेवेबेप्रोबे’, मॅलिग्नंटला ‘ब्योझआर्टिश’, मेटास्टॅसिसला ‘आप्झीडलुंग’, म्हणजे मूळ जागा सोडून दुसरीकडे वसलेली वस्ती. रुग्णाला समजावं म्हणून चांगला डॉक्टर मुद्दाम घरगुती शब्द वापरतो. पण आपल्याकडच्या माणसाला ओळखीचे असतात ते नेमके लॅटिन-ग्रीक वळणाचे, कारण ते इंग्रजी रिपोर्टांत छापलेले असतात. तुमचे वडील डांडिया बाजारातल्या छापखान्यातून निवृत्त झालेले प्रूफरीडर आहेत, हे तुम्ही दिलेलं फार चांगलं आहे. त्यांना इंग्रजीत बोलता येत नाही, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. पत्नीच्या आजारपणात बडोद्याच्या रिपोर्टांवर त्यांनी ‘मेटास्टॅसिस’ वाचलेलं आहे, असं आधी कुठेतरी सहज येऊ द्या. डॉक्टर त्यांच्याशी इंग्रजीत का बोलत नाहीत, याचंही उत्तर यातच मिळतं. (सयाजीरावांच्या काळचा १९३१चा ‘शासन शब्दकल्पतरु’ तिच्या लहानपणच्या कपाटात आहे, तो जरूर ठेवा. पण तो कारभाराच्या शब्दांचा कोश. इथे तिला तो आठवू देऊ नका.)

आता प्रसंग. डॉक्टर म्हणतात, ‘यकृतात आम्हाला काही आप्झीडलुंगेन दिसताहेत.’ जर्मनमध्ये यकृताला ‘लेबर’ म्हणतात, ऐकायला आपल्या लेबरसारखंच. वडील लगेच विचारतील, ‘कसलं लेबर गं?’ ती म्हणेल, ‘लिव्हर, बाबा.’ आणि तिथे थांबेल. हे थांबणं वाचकाला पटतं, कारण एका शब्दाचं उत्तर तिने खरं दिलं आहे आणि उरलेलं तिच्याकडेच आहे. ‘लिव्हरचं काय?’ हा वडिलांचा पुढचा प्रश्न.

तिच्या मनात काय चाललं असेल? अर्थ तिला पक्का माहीत आहे. पण मराठीत ‘पसरलंय’ म्हटलं की आपल्या घरांत पुढचं कोणी ऐकत नाही, आणि डॉक्टरांचं वाक्य तर अजून संपलेलं नाही. मोठ्या आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून तिथल्या कॅन्सरच्या पेशी बहुधा प्रथम यकृतात रुजतात. असे डाग थोडे असतील आणि उरलेलं यकृत पुरेसं असेल, तर काही रुग्णांत ते कापून काढता येतात. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये यकृतात पसरणं म्हणजे दर वेळी सगळं संपणं नव्हे, आणि डॉक्टर नेमकं तेच सांगायला निघाले आहेत. तिचं थांबणं त्यांना अडवून धरतं, कारण दुभाषी बोलेपर्यंत डॉक्टर गप्प बसतात. तुमच्या कथेचा सगळा ताण मला इथे दिसतो.

दोन-तीन सेकंद दुभाषी थांबली तर कोणाला वेगळं वाटत नाही, ती टिपणं बघत असेल असंच समजतात. त्याहून लांबलं की डॉक्टर तिच्याकडे बघतात. अशा वेळी आमच्या कामात एक रीत आहे. दुभाषी स्वतःसाठी खुलासा मागू शकते, फक्त ‘दुभाषी म्हणून विचारते’ असं आधी दोघांनाही सांगायचं. एरवी ती रुग्णाच्या तोंडून ‘मला दुखतंय’ असं ‘मी’ धरून बोलत असते, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज वेगळा कळायला हवा. तुमची मुलगी सवयीने ही रीत वापरेल. वेळ मिळवायला ती डॉक्टरांना विचारेल, ‘म्हणजे मेटास्टाझेन म्हणायचंय का?’

आणि तो शब्द वडिलांना कळतो. मुलीने भाषांतर करायच्या आधीच, तिच्याच प्रश्नातून. इथे तिला रडवू नका, वडिलांनाही नको. ते प्रूफ तपासल्यासारखं विचारतील, ‘मेटास्टॅसिस म्हणालीस ना तू?’

यानंतर डॉक्टर चांगली बाजू सांगतात: डाग तीन आहेत, एकाच बाजूला आहेत, ट्यूमर कॉन्फरन्समध्ये सर्जन, केमोथेरपीचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतील. मुलगी हे शब्दशः सांगते, पण वडिलांचं लक्ष मेटास्टॅसिसवरच अडकलेलं. वाईट बातमीनंतरची वाक्यं माणसाच्या कानावर पडतात, आत जात नाहीत, हे मी फार पाहिलं आहे. म्हणून चांगला डॉक्टर विचारतो, ‘आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?’ वडिलांचं उत्तर येऊ द्या, ‘लिव्हरमध्ये गेलंय.’ एवढंच. त्या उत्तराचं जर्मन भाषांतरही तिलाच करायचं आहे. मग ती पुन्हा दुभाषी म्हणून परवानगी मागते आणि डॉक्टरांना तीन डागांचं वाक्य परत म्हणायला लावते.

कायद्याचा एक धागा तुम्ही सोडला आहे. जर्मनीत २०१३च्या रुग्णहक्क कायद्यानुसार माहिती रुग्णालाच आणि त्याला समजेल अशी द्यावी लागते, मुलीला बाजूला घेऊन नाही. मात्र ‘मला सांगू नका’ म्हणायचा हक्क रुग्णाला आहे. वाईट बातमी सांगण्याच्या, २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ या सहा पायऱ्यांच्या पद्धतीतही निकाल सांगण्याआधी, किती जाणून घ्यायचंय, हे विचारायची पायरी आहे. भेटीच्या सुरुवातीलाच हा प्रश्न येऊ द्या. बाहेरचा दुभाषी फोनवर मिळू शकतो, हेही डॉक्टर तेव्हाच सांगतील, कारण घरच्या माणसाकडून निदान सांगून घेणं धोक्याचं, हे त्यांना ठाऊक असतं. वडील म्हणतील, ‘माझी मुलगी आहे ना. आणि सगळं सांगा म्हणावं त्यांना.’ हे वाक्यही तिनेच जर्मनमध्ये सांगितलेलं असेल. मग पुढे ती थांबते तेव्हा वडिलांची इच्छा काय आहे, याबद्दल तिला शंका घ्यायला जागा उरत नाही.

शेवटी वडिलांना बडोद्याला नेऊन निर्णय लांबणीवर टाकलात, तो भाग मी काढेन. शेंगेन व्हिसाची ९० दिवसांची मर्यादा आहेच, तेव्हा उपचार कुठे घ्यायचे हा प्रश्न त्याच खोलीत येतो. तो वडिलांना विचारू द्या, आणि तिने तो डॉक्टरांना, त्यांच्या ‘मी’सकट, जसाच्या तसा विचारला की कथा तिथे थांबवा.