लेखाआक्षेपाला उत्तर लिहिताना

लेखापरीक्षणातल्या आक्षेपाला नवीन ग्रामसेवकाचं पहिलं अनुपालन, म्हणजे लेखी उत्तर, बहुतेक वेळा "सदर आक्षेप मान्य नाही" इथूनच सुरू होतं. माझंही तसंच झालं होतं, आणि आक्षेप पुढच्या वर्षीही तसाच राहिला.

समजा, आक्षेप असा आहे: पाइप खरेदीचे ४८,६०० रुपये दिले, पण साठा नोंदवहीत आवक दिसत नाही. आधी आक्षेपात नेमकं काय विचारलंय ते बघ. खरेदी योग्य होती का, हे विचारलेलंच नाही; त्यामुळे पाणीटंचाईची कहाणी नको. असं लिही: "प्रमाणक क्र. ४२, रोखवही पान ३१. पाइप पोहोचल्याची सही पुरवठादाराच्या चलनावर आहे (सहपत्र १). साठा नोंद त्या वेळी राहिली होती. ती आजच्या तारखेने पान १८ वर घेतली आहे (सहपत्र २)."

चूक एका वाक्यात कबूल कर आणि पुढे जा. मागच्या तारखेची नोंद मात्र चुकूनही घुसडू नकोस. शाई आणि नोंदींचा क्रम लगेच बोलतो. "कागदपत्रे कार्यालयात उपलब्ध आहेत" हे तर उत्तरच नव्हे. सहपत्रावर क्रमांक टाक, संबंधित ओळीवर पेन्सिलीने खूण कर, आणि पोच घेतलेली प्रत स्वतःकडे ठेव.