पाच अंश बाक वाढला की मोजणारा बदलला?

*मुलगी १२ वर्षांची. मार्चमध्ये पाठीच्या कण्याचा, म्हणजे स्कोलिओसिसचा, बाक २२ अंश होता, आता सप्टेंबरमध्ये दुसऱ्या सेंटरच्या रिपोर्टमध्ये २७ आलाय. खरंच वाढला का, की मोजण्यात फरक पडतो? ब्रेस लगेच लावावा का?*

दोन्ही फिल्म एका माणसाने शेजारी शेजारी लावून पुन्हा मोजल्याशिवाय याचं उत्तर कुणालाही देता येणार नाही. दोन रिपोर्टांवरच्या आकड्यांची वजाबाकी करून तर नाहीच नाही. मी सिंधुदुर्गात एकोणीस वर्षं एक्स-रे काढते, आणि अशाच एका वजाबाकीपायी माझ्या भाचीचे चार महिने फुकट गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गणपतीला आम्ही सगळे गावी होतो. भाची तेव्हा बारा वर्षांची. ओटीवर रांगोळी काढायला ओणवी झाली आणि आई मला हळूच म्हणाली, "बघ गो, चेडवाच्या पाठीक एका बाजूक उंचवटो दिसता." मी तिला आत नेलं, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून खाली वाकायला लावलं. मागून पाहिलं तर उजव्या बाजूच्या फासळ्या डावीपेक्षा स्पष्ट वर आलेल्या. विसर्जन झाल्यावर लगेच माझ्याच सेंटरला तिची फिल्म काढली. अनवाणी, उभी, दोन्ही पायांवर सारखं वजन, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत सगळं एका फिल्मवर.

बाक मोजण्याची रीत कॉब नावाच्या अमेरिकन सर्जनने १९४८ साली मांडली, आजही तीच चालते. बाकाच्या वरच्या टोकाला सगळ्यात जास्त कललेला मणका शोधायचा आणि त्याच्या वरच्या कडेवर रेघ मारायची. खालच्या टोकाला दुसऱ्या बाजूला सगळ्यात जास्त कललेला मणका शोधायचा, त्याच्या खालच्या कडेवर रेघ मारायची. दोन रेघांमधला कोन तो कॉब अँगल. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर वरचा मणका आडव्या रेषेशी जितका कललाय आणि खालचा उलट बाजूला जितका कललाय, त्यांची बेरीज. भाचीचा वरचा मणका डी५, म्हणजे छातीच्या भागातला पाचवा, तो १३ अंश कललेला. खालचा डी१२, तो ११ अंश. बेरीज २४. अशा फिल्मवर शोधायचं काय, तर सगळ्यात जास्त कललेली जोडी. आतला मणका धरला की कोन आपोआप कमी येतो, आणि गोम इथेच आहे.

कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली. बाकाइतकंच त्यांनी कमरेच्या हाडाकडे पाहिलं. या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या वयात बाहेरून आत अशी हाडाची टोपी तयार होत जाते. ती किती झाली आहे यावरून रिसर ० ते ५ अशी पायरी देतात. भाचीची ०, म्हणजे टोपी सुरूच झालेली नव्हती. पाळीही आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाढीचा मोठा टप्पा अजून पुढे आहे, चार महिन्यांनी हीच फिल्म पुन्हा काढा, बाक २५च्या पुढे जाताना दिसला तर ब्रेस.

दादाला ब्रेस हा शब्दच पटला नाही. वयात येणारी मुलगी, प्लास्टिकचा पट्टा, लोक काय म्हणतील. त्याने जवळच्या गावातला मालीशवाला गाठला. दर रविवारी तेल आणि ओढाताण सुरू झाली. जानेवारीत फिल्मची वेळ आली तेव्हा मी ट्रेनिंगला बाहेर होते, त्याने ती दुसऱ्या एका सेंटरला काढून घेतली. रिपोर्टवर आकडा आला १९. फोनवर दादाचा आवाज अजून कानात आहे, "बाक पाच अंशान उतरलो! तुमचो डॉक्टर ब्रेस घालूक निघालेलो."

परत आल्यावर मी फिल्म मागून घेतली आणि व्ह्यू बॉक्सवर लावली. पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती पोटातली हवा. माणूस उभा असताना जठरातली हवा वर जाते, द्रव खाली राहतो, आणि डाव्या बाजूला छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली पट्टीने ओढल्यासारखी आडवी रेघ दिसते. माझ्या सप्टेंबरच्या फिल्मवर ती रेघ होती. या फिल्मवर नुसता गोलसर काळा डाग, रेघ नाही. मी त्या सेंटरच्या टेक्निशियनला फोन केला. त्याने सरळ सांगितलं, ताई, उभ्याने लांब फिल्म घ्यायची सोय नव्हती, टेबलावर निजवून काढली. निजलं की पाठीवरचं डोक्या-खांद्यांचं वजन उतरतं आणि बाक काही अंश मोकळा होतो. हा उपचाराचा गुण नव्हे, गादीवर निजल्याचा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट मणक्यांची. रिपोर्ट लिहिणाऱ्याने डी६ ते डी११ धरले होते, १० अधिक ९, म्हणजे १९. मी त्याच फिल्मवर आधीचेच डी५ आणि डी१२ धरून रेघा मारल्या, १२ अधिक ११, तेवीस. म्हणजे निजलेल्या मुलीचा बाक उभ्या मुलीच्या जुन्या बाकाएवढा भरत होता. ती उभी राहिली असती तर आकडा नक्कीच वर गेला असता. शिवाय फिल्म खाली कापलेली, कमरेचं हाड अर्धं बाहेर, त्यामुळे रिसर बघायची सोयच नाही. आणि घरातल्या दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण चार महिन्यांत साडेतीन सेंटिमीटर वर सरकलेली. उंची अशी भराभर वाढत असताना चोविसाचा बाक आपोआप उतरत नाही.

हे सगळं मी दादासमोर फिल्म धरून सांगितलं. उभ्याने पुन्हा काढू म्हटलं, तर तो म्हणाला, चांगला रिपोर्ट आला की तुला बघवत नाही. वहिनी गप्प बसली. मी तेव्हा आवाज चढवायला हवा होता, तो चढवला नाही, याचं दुःख मला आजही आहे.

मे महिन्यात शाळेच्या कपड्यांचं माप घेताना शिंप्यानेच वहिनीला विचारलं, एक खांदा इतका वर का. मग आली माझ्याकडे. उभ्याने, तीच जागा, तेच मणके. डी५ अठरा अंश, डी१२ सोळा अंश. चौतीस. रिसर अजून ०. सप्टेंबरपासून दहा अंश, आणि हे दहा खरे, कारण माणूस तोच, मणके तेच, उभं राहणं तेच.

म्हणून तुम्हाला सांगते. एकच फिल्म दोन जाणत्या माणसांनी मोजली तरी पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे तुमचे पाच अंश बरोबर सीमेवर आहेत, फक्त मोजणीचेही असू शकतात. दोन्ही मूळ फिल्म मिळवा, दोन्हीत मुलगी उभी होती का ते सेंटरला विचारा, आणि एकाच डॉक्टरांना दोन्हीवर तेच मणके धरून मोजायला सांगा. मोबाईलने फिल्मचा तिरका फोटो काढून पाठवू नका. तिरक्या फोटोत कोन बदलतो. फिल्म लहान आकारात छापली तर मात्र कोनाला काही होत नाही, त्याची काळजी नको.

पण एवढ्यावर थांबून "फरक मोजणीचाच असेल" असं म्हणत बसू नका. तुम्ही रिसर किती आणि पाळी आली का हे लिहिलेलंच नाही, आणि माझ्या मते तुमच्या पाच अंशांपेक्षा ते महत्त्वाचं आहे. लोनस्टाइन आणि कार्लसन यांचा १९८४चा अभ्यास आहे. त्यात २० ते २९ अंशांचा बाक आणि रिसर ० किंवा १ असलेल्या मुलांपैकी ६८ टक्क्यांचा बाक वाढला. रिसर २ ते ४ असताना तेवढ्याच बाकाला ते प्रमाण २३ टक्के होतं. तुमच्या मुलीचा रिसर ० किंवा १ असेल आणि उभ्या फिल्मवर २७ खरे निघाले, तर पुढच्या फिल्मची वाट बघू नका, ब्रेसचं याच भेटीत विचारा.

भाचीला जूनमध्ये ब्रेस लागला. ब्रेस घालून काढलेल्या फिल्मवर चौतीसचे एकोणीस दिसले, म्हणजे पट्टा नीट बसला होता. दिवसाचे अठरा तास. आपल्याकडच्या दमट हवेत हे सोपं नाही. आतून बिनशिवणीचं सुती बनियन, दिवसातून तीनदा बदलायचं, कातडीला क्रीम नाही, पावडर नाही. पोरीने चार वर्षं निमूट केलं. आता ती सोळाची आहे, रिसर ४, आणि ब्रेस काढून उभ्याने ३७. चौतीस आणि सदतीस यांतला फरक मोजणीच्या चुकीत बसतो, म्हणजे बाक थांबला.

दादा अजून म्हणतो, एवढं करून कमी कुठे झाला? ब्रेस कमी करायला लावतच नाहीत, दादा. वाढ संपेपर्यंत धरून ठेवायला लावतात, बाक ऑपरेशन लागतं त्या पन्नास अंशांपर्यंत जाऊ नये म्हणून. जानेवारीत उभ्याने फिल्म काढली असती तर हा धरण्याचा आकडा तीस अंशांच्या आसपास असता असं मला वाटतं.

इथे एक कबूल करायला हवं. एका मुलीबद्दल असं खात्रीने सांगता येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन-कॅनेडियन अभ्यासात ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ संपेपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिली, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही ४८ टक्के राहिली. तेव्हा ब्रेसविना सगळ्यांचं बिघडतं असं नाही. पण जे रोज तेराएक तासांपेक्षा जास्त घालत होते त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या घरात होतं.

आणखी तीन गोष्टी राहिल्या. पोटातली आडवी रेघ दिसली तर फिल्म उभ्याने काढलेली आहे. पण पोट रिकामं असेल तर उभ्यानेही ती दिसत नाही, तेव्हा रेघ नाही एवढ्यावरून भांडायला जाऊ नका, आधी विचारा. आणि फिल्म शक्यतो मागून किरण सोडून, छाती प्लेटकडे करून घ्यायला सांगा, वाढत्या मुलीच्या छातीला किरणं कमी लागतात. शक्य असेल तर दर वेळी एकाच सेंटरला आणि दिवसाच्या त्याच सुमारास जा, कारण संध्याकाळी बाक सकाळपेक्षा थोडा जास्त भरतो. मार्चची फिल्म सकाळी नऊची आणि सप्टेंबरची संध्याकाळची असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मी लिहिलंय ते सगळं कारण न सापडणाऱ्या, वयात येताना वाढणाऱ्या बाकाबद्दल. मुलीला रात्री पाठदुखीने जाग येत असेल, पायात बधिरपणा असेल किंवा छातीतला बाक डावीकडे असेल, तर अंश मोजत बसू नका, एमआरआयबद्दल या आठवड्यातच विचारा.