आमच्याकडे तक्रारींना उत्तर द्यायला फार उशीर होतो. ‘फाइव्ह व्हाय’ करू की ‘इश्यू ट्री’?

दोन्ही करा, पण आधी ट्री, म्हणजे प्रश्न झाडाच्या फांद्यांसारखा भागांत तोडणं. ‘फाइव्ह व्हाय’ म्हणजे प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ असं पाचदा विचारत मूळ कारणापर्यंत जाणं. थेट ‘का?’ विचारत सुटलात तर बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्याचं उत्तर पहिलं येतं आणि पुढचे चारही प्रश्न त्याच्याच मागे जातात.

ट्रीच्या फांद्या विभागांच्या नावाने पाडू नका, लगेच दोषी शोधणं सुरू होतं. प्रश्न उशिराचा आहे, तर वेळच कापा: तक्रार कुणी हातात घेईपर्यंतचा वेळ, प्रत्यक्ष कामाचा, दुसऱ्या विभागाकडून माहिती येण्याचा आणि मंजुरीचा. या चारांची बेरीज एकूण दिवसांशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर एखादी फांदी सुटली आहे किंवा काही वेळ दोनदा मोजला गेला आहे.

आता बंद झालेल्या 30-40 तक्रारींच्या तारखा काढा. समजा सरासरी 6 दिवस लागतात आणि ते अनुक्रमे अर्धा, अर्धा, 4 आणि 1 असे पडतात. मग ‘का?’ फक्त त्या 4 दिवसांना विचारायचं.

माहिती उशिरा का येते? अकाउंट्सला तक्रार परत पाठवून बिल नंबर मागावा लागतो. का? तक्रारीत तो नसतो. का? फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. का? फॉर्म बनला तेव्हा एका ग्राहकाचं एकच बिल असायचं. मग नंतर बदलला का नाही? फॉर्म कुणाच्याच जबाबदारीत नाही.

प्रत्येक उत्तराला पुरावा हवा. इथे परत पाठवलेल्या तक्रारी मोजता येतात. त्या 40 पैकी 5च निघाल्या तर ही साखळी सोडून द्या. शिवाय साखळी खालून वर ‘म्हणून’ लावत वाचा. जिथे वाक्य अडखळतं तिथे उडी मारलेली असते.

‘कर्मचारी निष्काळजी आहे’ हे मूळ कारण कधीच नसतं, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण बघा: यंत्र बंद पडलं, कारण फ्यूज उडाला, तिथून बेअरिंगचं वंगण, पंप, पंपाचा झिजलेला दांडा असं करत ते गाळणी नसल्यापर्यंत पोचतात. गाळणी बसवता येते. ‘लक्ष द्या’ असं सांगून काहीच बसत नाही.

पाच हा आकडा पाळायचा नियम नाही. बदलता येईल अशी गोष्ट तिसऱ्यालाच हाती लागली तर थांबा. एका ‘का’ला दोन खरी उत्तरं असतील तर दोन्ही वाटांनी जा. आणि सरासरीवर पूर्ण विसंबू नका. 20-20 दिवस रखडलेल्या दोन-चार तक्रारी असतील तर त्या बाजूला काढून वेगळ्या तपासा, त्यांचं कारण बहुधा दुसऱ्याच फांदीवर सापडेल.